ऑक्टल ते हेक्स आणि नँडचं सर्किट: क्विझचे दोन प्रश्न, हॉस्टेलला चार उत्तरं

ओंकार_डिप्लोमा

नमस्कार मंडळी. मी डिप्लोमाच्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे. डिजिटलच्या मॅडम दर शुक्रवारी ऑनलाइन क्विझ टाकतात. २० प्रश्न, २० मिनिटं, कॅल्क्युलेटर चालत नाही. कालच्या क्विझमधल्या दोन प्रश्नांवरून आमच्या मजल्यावर रात्री एक वाजेपर्यंत वाद चालला होता. उत्तरं सोमवारी कळतील, पण तोवर दम निघत नाही म्हणून इथे टाकतोय.

पहिला प्रश्न: ऑक्टलमधला 725.43 हेक्समध्ये लिहा. पर्याय होते 1D5.8C, EA1.8C, 1D5.83 आणि EA1.83. गंमत म्हणजे चारही पर्यायांना मजल्यावर कोणी ना कोणी मत दिलंय. रूममेटने आधी डेसिमल काढून मग हेक्स केलं, त्यात त्याची चार-पाच मिनिटं गेली.

दुसरा प्रश्न सर्किटचा. इनपुट A, B, C. A आणि B पहिल्या नँड गेटला. B इन्व्हर्टरमधून उलटा होऊन C बरोबर दुसऱ्या नँडला. या दोन नँडची आउटपुट तिसऱ्या नँडला, आणि तिथून Y. विचारलंय की इनपुटच्या आठ जोडण्यांपैकी कितींना Y = 1 येतो. आमच्यात कोणी ३ म्हणतंय, कोणी ४.

बरोबर उत्तर तर हवंच, पण त्याहून जास्त हवी ती एका मिनिटात बसणारी रीत.

मृदुला_एम्बेडेड

पहिल्याचं सांगते. डेसिमलच्या वाटेला जायचंच नाही. ऑक्टलचा एक अंक म्हणजे तीन बिट, हेक्सचा एक अंक म्हणजे चार. तेव्हा अंक सोडवून बिट लिही आणि तेच बिट नव्याने बांध.

7 म्हणजे 111, 2 म्हणजे 010, 5 म्हणजे 101. पॉइंटनंतर 4 म्हणजे 100 आणि 3 म्हणजे 011. झालं:

```
111010101.100011
```

आता चारचे गट पाडायचे, पण सुरुवात पॉइंटपासून करायची. डावीकडे जाताना 0101, मग 1101, मग एकटा 1 उरतो. म्हणजे 1D5. उजवीकडे जाताना 1000, मग 11 उरतात. या 11 च्या मागे दोन शून्यं लावायची, 1100 होतं, म्हणजे C. उत्तर 1D5.8C.

तुमच्या मजल्यावरची बाकी तिन्ही उत्तरं कुठून आली तेही यातच दिसतं. EA1 वाल्यांनी अगदी डावीकडून गट पाडले: 1110, 1010, 1. आणि .83 वाल्यांनी उरलेल्या 11 च्या पुढे शून्यं लावून 0011 केलं. पूर्णांकात पुढे लावलेल्या शून्याने किंमत बदलत नाही, अपूर्णांकात मागे लावलेल्या शून्याने बदलत नाही. त्या 11 च्या पुढे शून्यं घुसवली की ते बिट दोन घरं उजवीकडे सरकतात आणि त्यांची किंमत चौथाई होते.

एकदा पडताळूनही टाक. 4/8 + 3/64 = 0.546875, आणि 8/16 + 12/256 तेवढेच. 8/16 + 3/256 केलंस तर 0.5117 च्या आसपास येतं.

मॅडमनी पर्याय मात्र विचार करून काढलेत. दोन चुका आणि त्यांच्या सगळ्या जोड्या!

शेंगदाणा_लाडू

मृदुलाताईंची रीत बरोबरच आहे, पण तपासायला मी शाळेतलीच युक्ती वापरतो. अंकांची बेरीज. 725 ची बेरीज 14. हेक्समध्ये 1 + D + 5 म्हणजे 1 + 13 + 5 = 19. EA1 ची 14 + 10 + 1 = 25. आता 14 ला 9 ने भागून बाकी 5, 19 ची बाकी 1... थांबा, जुळत नाहीये. पण पद्धत अशीच काहीतरी आहे, डेसिमलला तर चालते.

मृदुला_एम्बेडेड

लाडूभाऊ, पद्धत आहे, पण ९ हा आकडा डेसिमलचा. पायापेक्षा एकने कमी अशा आकड्याची बाकी अंकांच्या बेरजेतून मिळते. म्हणजे ऑक्टलला ७ आणि हेक्सला १५. एकीकडून ७ ची बाकी आली आणि दुसरीकडून १५ ची, तर दोघींची तुलना कशी करणार? आपापल्या जागी दोन्ही बरोबर, एकमेकींना निरुपयोगी.

क्विझमध्ये याहून स्वस्त अशा दोन तपासण्या पुरतात. एक, लांबी. 725 मध्ये तीन अंक, म्हणजे जास्तीत जास्त नऊ बिट. EA1 ला बारा बिट लागतात, कारण पहिलाच अंक E आहे. नऊ बिटांचा आकडा तीन अंकी हेक्स झालाच तर त्याचा पहिला अंक 1 च असणार. म्हणजे बिट न लिहिता, नुसत्या नजरेने दोन पर्याय बाद. दोन, शेपूट. पूर्णांकाच्या शेवटच्या ऑक्टल अंकाचे तीन बिट आणि शेवटच्या हेक्स अंकाचे खालचे तीन बिट तेच असायला हवेत. 5 म्हणजे 101, हेक्सचा 5 म्हणजे 0101, जुळलं. EA1 चा 1 म्हणजे 0001, इथेही पकडला गेला.

अपूर्णांकात हीच गोष्ट उलट्या टोकाला, पॉइंटला चिकटलेल्या अंकात पाहायची. 4 म्हणजे 100 आणि 8 म्हणजे 1000, वरचे तीन बिट सारखे. पण .8C आणि .83 दोन्हींत पहिला अंक 8 च असल्यामुळे या प्रश्नात तिचा उपयोग नाही. तिथे शून्यांकडेच लक्ष द्यावं लागतं.

सई_कोल्हापूर

मला एक कळलं नाही. मी 0.1 करून पाहिलं तर हेक्समध्ये 0.1999 असं येतच राहतं, संपतच नाही. शून्यं कुठे लावायची मग?

मृदुला_एम्बेडेड

सई, तू डेसिमलमधला 0.1 घेतलास. तो दोनाच्या घातांत कधीच नेमका बसत नाही, म्हणून बायनरी, ऑक्टल, हेक्स तिन्हींत न संपणारा. ओंकारचा प्रश्न ऑक्टलमधून हेक्सचा आहे. या तिघांत आपापसात जाताना जे संपतं ते संपलेलंच राहतं, कारण बिट तेच असतात, फक्त गट बदलतात. डेसिमलचा प्रश्न आला तर १६ ने गुणत जायचं आणि प्रश्नात किती अंक मागितलेत तिथे थांबायचं.

भोसरी_थर्ड_शिफ्ट

मी डिप्लोमा करून मेंटेनन्सला लागलो तेव्हा वाटलं ऑक्टल कॉलेजातच राहिलं. पहिल्याच महिन्यात एका मशीनवर वायरिंग तपासत होतो. मित्सुबिशीचा एफएक्स सिरीजचा पीएलसी. ड्रॉइंग दुसऱ्या कोणीतरी काढलेलं, त्यात एका सेन्सरपुढे X8 लिहिलेलं. पीएलसीवर X7 नंतर थेट X10. मी म्हटलं X8 आणि X9 ची टर्मिनलं तुटली की काय!

एफएक्समध्ये X आणि Y चे नंबर ऑक्टलमध्ये असतात, हे तिथल्या सिनियरनी सांगितलं. X7 नंतर X10, म्हणजे नववा इनपुट. त्याच कंपनीच्या क्यू सिरीजमध्ये मात्र हेच नंबर हेक्समध्ये. तिथे X9 नंतर XA येतो आणि X10 हा सतरावा. एका लाइनवर दोन्ही असतील तर नुसतं 'X10 बघ' म्हणून भागत नाही, कोणत्या पॅनलवरचा तेही सांगावं लागतं.

सर्किटच्या प्रश्नाबद्दल मला गेटपेक्षा लॅडर बरं जमतं, त्यामुळे तिथे गप्प बसतो.

कंडेन्सर_काका

ओंकार, दुसऱ्या प्रश्नाला आठ ओळींचं टेबल मांडून एकेक ओळ सोडवत बसू नकोस. तुझ्या पहिल्या प्रश्नात जे हेक्स शिकलास तेच इथे कामाला लाव. आम्ही प्रयोगशाळेत मुलांची टेबलं तपासताना हेच करत असू.

आठ ओळी 000 पासून 111 पर्यंत नेहमीच्या क्रमाने मांड. आता टेबल आडवं वाचू नकोस, उभं वाच. A चा अख्खा कॉलम वरून खाली 00001111. B चा 00110011. C चा 01010101. प्रत्येक कॉलम आठ बिटांचा, म्हणजे दोन हेक्स अंक. A = 0F, B = 33, C = 55. हे तीन आकडे पाठ करून ठेव, आयुष्यभर पुरतात.

एका गेटमधून एकदा गेलं की आठही ओळी एकदम सुटतात. बघ:

```
A.B          0F आणि 33  -> 03
पहिला नँड    03 उलट     -> FC
B उलट        33 उलट     -> CC
B'.C         CC आणि 55  -> 44
दुसरा नँड    44 उलट     -> BB
FC आणि BB               -> B8
तिसरा नँड    B8 उलट     -> 47
```

Y = 47, म्हणजे 01000111. त्यात चार वेळा 1. उत्तर ४. कोणत्या ओळींना तेही समोर आहे: ओळ 1, 5, 6 आणि 7, वरून शून्यापासून मोजून.

उलटं करणं हेक्समध्ये फार सोपं. प्रत्येक अंक १५ मधून वजा कर. 0 चा F, 3 चा C, 4 चा B, 8 चा 7. बिट लिहायचीही गरज नाही. अँडला मात्र सुरुवातीला अंक सोडवून बिट लिहावेत, F आणि B चं अँड B हे डोक्यात बसायला थोडा सराव लागतो.

तुमच्यात ३ म्हणणारे कुठे चुकले असतील तेही सांगतो. त्यांनी इन्व्हर्टर पाहिला नाही. B सरळ धरला तर 33 आणि 55 चं अँड 11, त्याचं पहिल्या 03 शी ऑर केलं की 13, म्हणजे 00010011, तीन वेळा 1.

आणि एक सांगू का, हा प्रश्न काढताना मॅडमकडून एक भोक राहिलंय. शेवटच्या नँडचा बबल जो विसरेल त्याला B8 मिळेल. त्यातही चारच 1 आहेत! आठातल्या चार ओळींना 1 असलेला कॉलम उलटा केला तरी चारच राहतो. म्हणजे ४ लिहिणाऱ्यांतल्या काहींना फुकटचा मार्क. 'कोणत्या ओळींना' असं विचारलं असतं तर ते सापडले असते.

ओंकार_डिप्लोमा

काका, हे वर्गात कोणी सांगितलंच नाही! आत्ता लगेच मागच्या तीन क्विझचे प्रश्न असे सोडवून पाहिले.

एक शंका. AB + B'C असं मी सूत्र काढलं तर 03 आणि 44 चं ऑर थेट 47 येतंय. मग नँडच्या पायऱ्या करायच्याच कशाला?

कंडेन्सर_काका

करायच्या नाहीत, तुला दिसत असेल तर. नँडमागे नँड असले की ते अँडमागे ऑर होतं, बबल बबलला खातो. पण प्रत्येक सर्किट इतकं गुणी नसतं. मधेच एक नॉर आला, किंवा पहिल्या गेटची तार मधल्या टप्प्याला वळसा घालून थेट शेवटी गेली, की सूत्र काढण्यातच घोळ होतो. म्हणून चित्रावर प्रत्येक गेटच्या आउटपुटशी पेन्सिलने त्याचे दोन अंक लिहीत जा. चुकलास तर कोणत्या गेटपाशी चुकलास ते तरी सापडेल.

शेंगदाणा_लाडू

काकांची आयडिया भारी. त्यात माझी भर: गेट एकाच जातीचे असतील तर कंस कसेही फिरवता येतात. तीन इनपुटचा नँड असेल तर A आणि B आधी नँड करा, मग C बरोबर नँड करा. बेरजेसारखं.

मृदुला_एम्बेडेड

अँड, ऑर, एक्सॉरला चालतं, नँडला नाही. काकांच्याच रीतीने बघा की. तीन इनपुटचा नँड म्हणजे तिन्हींचं अँड 01, उलटं FE. तुमच्या पद्धतीने A आणि B चा नँड FC, त्याचं 55 शी अँड 54, उलटं AB. FE कुठे आणि AB कुठे! (हा AB हेक्स आकडा आहे बरं, A गुणिले B नव्हे. काय योगायोग.)

नँडमध्ये आतलं अँड हवं तसं फिरतं, पण बबल एकदाच, शेवटी लागायला हवा. तुम्ही मधे एक जास्तीचा लावला.

शेंगदाणा_लाडू

मान्य. पण एक्सॉरला चालतं म्हणालात ना? मग एक्सनॉरलाही चालत असेल. आमच्या वेळी पेपरला आलेलं: तीन इनपुटचा एक्सनॉर, तिन्ही इनपुट 1, आउटपुट काय? मी 1 लिहिलं होतं आणि मार्क मिळाला होता.

ओंकार_डिप्लोमा

अरेच्चा, आमच्या क्विझमध्ये हाच प्रश्न दोन आठवड्यांपूर्वी आला आणि उत्तर 0 दिलं होतं!

कंडेन्सर_काका

हा जुना भिजत घोंगड्याचा विषय आहे. दोन्ही उत्तरं कशी येतात ते बघा, मग कोणाशी भांडायचं ते ठरवा.

आधी एक्सॉर. 0F आणि 33 चा एक्सॉर 3C. त्याचा 55 शी एक्सॉर 69. हा झाला तीन इनपुटचा एक्सॉर, विषम संख्येने 1 असले की 1. शेवटच्या ओळीत तीन 1 आहेत, विषम, म्हणून 69 चा शेवटचा बिट 1.

आता एक्सनॉर. कोणी म्हणेल, हा एक्सॉरला बबल लावून केलेला एकच गेट आहे. मग 69 उलटं, 96. शेवटचा बिट 0. ओंकारच्या मॅडमचं उत्तर.

दुसरा म्हणेल, दोन इनपुटचे दोन एक्सनॉर एकापुढे एक. A आणि B चा एक्सनॉर म्हणजे 3C उलटं, C3. त्याचा 55 शी एक्सॉर 96, आणि पुन्हा बबल, 69. शेवटचा बिट 1. लाडूंचं उत्तर. दोन बबलनी एकमेकांना खाल्लं आणि साखळीतला एक्सनॉर चक्क एक्सॉर होऊन बसला.

म्हणजे कंस फिरवणं एक्सनॉरला खरंच चालतं. प्रश्न एवढाच की 'तीन इनपुटचा एक्सनॉर' म्हटल्यावर एक गेट समजायचा की साखळी.

मृदुला_एम्बेडेड

मी तरी एकच गेट समजते. व्हेरिलॉगमध्ये तीन बिटांवर `~^` लावला तर सगळ्यांचा एक्सॉर करून शेवटी एकदाच उलटं होतं. उत्तर 0.

शेंगदाणा_लाडू

आणि `a ~^ b ~^ c` असं लिहिलं तर?

मृदुला_एम्बेडेड

तर साखळी, 1. 😐 ठीक आहे, मुद्दा लागला.

कंडेन्सर_काका

त्यात अजून एक फाटा. आयईसीच्या चौकोनी चिन्हांत एक्सॉरच्या पेटीत '=1' लिहितात. त्याचा सरळ अर्थ 'नेमका एकच इनपुट 1'. दोन इनपुट असतील तर काही फरक नाही. तीन असतील तर शेवटची ओळ बदलते, 69 ऐवजी 68. विषमचा गेट दाखवायला त्या पद्धतीत '2k+1' असं वेगळं लिहितात. तेव्हा प्रश्नात चित्र असेल तर पेटीत काय लिहिलंय ते बघा. सूत्र दिलं असेल तर सूत्राप्रमाणे. नुसते शब्द असतील तर पेपर काढणाऱ्याच्या मनात काय होतं त्यावर सगळं. माझ्या मते असा प्रश्न एका मार्काला विचारूच नये.

टेरेसवरचा_अँटेना

सध्या म्युनिकला एफपीजीएवर काम करतो. काकांची रीत वाचून हसू आलं, कारण आम्ही रोज हेच खातो. एफपीजीएच्या आत गेट नसतातच, छोटे छोटे टेबल असतात, आणि झायलिंक्सच्या टूलमध्ये तीन इनपुटच्या टेबलाला INIT म्हणून हाच दोन अंकी हेक्स आकडा द्यावा लागतो.

पण ओंकारचं सर्किट मी तिथे लिहिलं तर 47 नाही, E2 दिसेल. कोणाला वाटेल सर्किट चुकलं.

ओंकार_डिप्लोमा

का? 47 उलटं केलं तर B8 होतं ना, E2 कसं?

टेरेसवरचा_अँटेना

ते बबलवालं उलटं. हे आरशातलं उलटं. काका 000 ची ओळ सगळ्यात डावीकडे लिहितात, कारण टेबल वरून खाली वाचतात. टूल 000 ची ओळ सगळ्यात उजवीकडे, शून्याव्या बिटात ठेवतं. 01000111 मागून वाच: 11100010. झालं E2. त्या क्रमाने A, B, C हे F0, CC, AA होतात. तुझा 69 वाला एक्सॉर तिथे 96 दिसतो, आणि काकांचा 96 वाला एक्सनॉर 69! यावरून ऑफिसात एकदा अर्धा दिवस गेलाय. कोणता क्रम ते आधी ठरवा, मग आकडा बोला.

क्विझमध्ये काकांचाच क्रम धर, कारण पुस्तकातलं टेबल वरून खालीच असतं.

कंडेन्सर_काका

बरोबर. आणि आपल्याकडे कुठला क्रम आहे हे विसरलं तर A कडे बघायचं. 0F असेल तर माझा, F0 असेल तर त्यांचा.

सई_कोल्हापूर

मी लॅपटॉपवर पायथनमध्ये करून पाहिलं. `~(A & B)` छापलं तर FC ऐवजी -4 येतंय. काय चुकलं?

मृदुला_एम्बेडेड

काहीच नाही, पायथनला तुझे बिट आठच आहेत हे माहीत नाही. तो डावीकडे न संपणारे 1 धरतो. खालचे आठ ठेवून बाकी कापून टाक:

```python
A, B, C = 0x0F, 0x33, 0x55
nand = lambda x, y: ~(x & y) & 0xFF
Y = nand(nand(A, B), nand(~B, C))
print(hex(Y))   # 0x47
```

आणि ऑक्टल आकडा लिहायचा तर `0o725`. सी मध्ये नुसतं पुढे शून्य लावून `0725` लिहिलं की तो ऑक्टल होतो, 469. पायथन ३ त्यावर सरळ एरर देतो. सी मध्ये आकडे एकाखाली एक नीट दिसावेत म्हणून पुढे शून्यं लावणारे लोक मी पाहिलेत, तिथे एररही येत नाही, नुसता आकडा बदलतो.

भोसरी_थर्ड_शिफ्ट

एक विचारू का? हे सर्किट आमच्या ट्रेनिंग बोर्डवर 7400 ने जोडलं. B चा इन्व्हर्टर म्हणून उरलेला चौथा नँड वापरला, म्हणजे एकाच आयसीत सगळं बसलं. आठही ओळी बरोबर आल्या. पण A आणि C दोन्ही 1 ठेवून B चा स्विच खाली केला की पुढे जोडलेला काउंटर कधी कधी एक जास्त मोजतो. टेबलात तर Y आधीही 1 आणि नंतरही 1.

कंडेन्सर_काका

वा, हा प्रश्न क्विझच्या पलीकडचा.

B 1 असताना Y ला वरच्या नँडने धरलेलं असतं, AB मुळे. B 0 झाला की खालच्याने धरायचं, B'C मुळे. पण खालच्याला बातमी इन्व्हर्टरमधून जाते, त्याला एका गेटचा वेळ जास्त लागतो. साध्या 7400 मध्ये तो १० नॅनोसेकंदांच्या आसपास. वरच्याने हात सोडलाय आणि खालच्याने अजून धरला नाही, तेवढ्या क्षणात Y खाली डोकावून येतो. डोळ्याला किंवा एलईडीला दिसत नाही, काउंटरला दिसतो.

उपाय म्हणजे AC चा तिसरा नँड जोडायचा आणि शेवटचा नँड तीन इनपुटचा करायचा. हेक्समध्ये बघ: 0F आणि 55 चं अँड 05. 47 आणि 05 चं ऑर 47 च. कॉलम जराही बदलत नाही, म्हणून सूत्र सोपं करायला सांगितलं की मुलं ही टर्म जास्तीची म्हणून उडवतात, आणि क्विझपुरतं ते बरोबरही आहे. माझी ही दोन अंकांची रीत इथे आंधळी. सगळं शांत झाल्यावर काय असेल ते ती सांगते, मधे काय झालं ते नाही.

पण आधी स्विच तपासा हं. साध्या स्विचचे पाते स्वतःच काही वेळा उडतात आणि मिलिसेकंदभर गोंधळ घालतात. AC नसताना तशा प्रत्येक उडीला Y पुन्हा डोकावू शकतो. AC जोडल्यावर मात्र A आणि C 1 असेपर्यंत B कितीही उडाला तरी Y हलायला नको, तरीही काउंटर जास्त मोजत असेल तर दोष स्विचचा नाही, जोडणीत शोधा. आणि बोर्डवर कुठला इनपुट मोकळा लटकत नाही ना तेही बघा. टीटीएलचा मोकळा इनपुट बहुतेक वेळा 1 सारखा वागतो, त्यामुळे टेबल बरोबर येतं आणि तार नसल्याचं कळतच नाही.

भोसरी_थर्ड_शिफ्ट

स्विच साधाच आहे, पुशबटणातला. रात्रपाळीला दोन्ही करून बघतो आणि कळवतो.

ओंकार_डिप्लोमा

काका, चार इनपुट आले तर? सोळा ओळी, म्हणजे चार हेक्स अंक?

कंडेन्सर_काका

हो. 00FF, 0F0F, 3333, 5555. पाच इनपुटला आठ अंक होतात, तिथे हाताने कंटाळा येतो. हे करून बघ: चारही इनपुटांचा एक्सॉर.

ओंकार_डिप्लोमा

00FF आणि 0F0F चा 0FF0. त्याचा 3333 शी 3CC3. त्याचा 5555 शी 6996. मागून वाचलं तरी 6996 च! म्हणजे म्युनिकच्या दादांच्या टूलमध्येही हाच आकडा?

टेरेसवरचा_अँटेना

हाच. चार इनपुटच्या एक्सॉरला 6996, दोन्ही क्रमांत. मात्र दरवेळी असं होईल या भरवशावर राहू नकोस. तीन इनपुटला होत नाही ते वर पाहिलंसच.

सई_कोल्हापूर

भोसरीच्या दादांना विचारते, क्यू सिरीजमध्ये X1F म्हणजे कितवा इनपुट? ३१ की ३२?

भोसरी_थर्ड_शिफ्ट

बत्तिसावा. X0 पासून मोजायचं. एफएक्समध्ये बत्तिसाव्याला X37 म्हणतात. आणि काउंटरचं: AC चा नँड जोडल्यावर जास्तीची मोजणी कमी झाली, पण बंद नाही झाली. उद्या जोडणी आणि मोकळे इनपुट तपासून पाहतो.